57 वरून 69: टार्गेट लीजनच्या मोजमापात एक मिलिमीटर निकाल कधी फिरवतो

प्रश्न: फुप्फुसाच्या कॅन्सरचा रुग्ण आहे, केमोथेरपी चालू आहे. रेसिस्ट 1.1 नुसार चार टार्गेट लीजन घेतलेत. बेरीज बेसलाइनला 110 मिमी होती, मग 76, मग 57. या वेळच्या सीटीत यकृतातला मोठा लीजन मी नेहमीप्रमाणे जुन्या रेषेच्याच दिशेने मोजला, तो 24 आला; एकूण 68. सहकाऱ्याने सर्वांत लांब व्यास नव्याने शोधला, त्याला 25 मिळाले, एकूण 69. बेसलाइनपेक्षा खूप कमी आहे म्हणून मी पार्शल रिस्पॉन्स लिहिणार होतो. तो म्हणतो प्रोग्रेशन. एका मिलिमीटरने एवढा फरक पडतो का? कोण बरोबर? आकडे असे आहेत:

| लीजन | बेसलाइन | पहिला फॉलोअप | दुसरा | तिसरा |
|---|---|---|---|---|
| फुप्फुस, उजवा वरचा खंड | 42 | 30 | 26 | 30 |
| यकृत, सेगमेंट 7 | 31 | 22 | 17 | 24 |
| यकृत, सेगमेंट 4 (आता जेमतेम दिसतो) | 18 | 12 | 5 | 5 |
| सबकरायनल नोड | 19 | 12 | 9 | 9 |
| बेरीज | 110 | 76 | 57 | 68 |

उत्तर:

मोजायची पद्धत सहकाऱ्याची बरोबर आहे. पण म्हणून त्याचा निकाल बरोबर ठरतोच असं नाही. तुम्ही नेहमीच जुन्या रेषेच्या दिशेने मोजत आला असाल, तर खरी शंका 24 की 25 यावर घ्यायची नाही, मागच्या स्कॅनमधल्या 17 या आकड्यावर घ्यायची. तो पुन्हा मोजल्याशिवाय या रुग्णाला प्रोग्रेशन आहे की नाही हे सांगता येणार नाही. असं का, ते क्रमाने सांगतो.

आधी तुलना कशाशी करायची ते पक्कं करू. रेसिस्टमध्ये दोन प्रश्न आहेत आणि दोन्हींचा पाया वेगळा आहे. गाठी किती आटल्या हे बेसलाइनशी ताडून पाहायचं: बेरीज 30 टक्के किंवा जास्त कमी झाली तर पार्शल रिस्पॉन्स. गाठी पुन्हा वाढल्या का हे मात्र आतापर्यंतच्या सर्वांत कमी बेरजेशी, म्हणजे नादिरशी ताडून पाहायचं: बेरीज 20 टक्के किंवा जास्त वाढली आणि प्रत्यक्ष वाढही निदान 5 मिमी असेल तर प्रोग्रेशन. बेसलाइन हीच सर्वांत कमी बेरीज असेल तर नादिर तीच. तुमच्या रुग्णात नादिर 57 आहे.

आता दोन्ही हिशेब मांडू. बेसलाइनशी तुलना केली तर 68 म्हणजे 42 मिमी घट, सुमारे 38 टक्के. तेवढ्यावर थांबलं तर पार्शल रिस्पॉन्सच दिसतो. नादिरशी तुलना केली तर 68 म्हणजे 11 मिमी वाढ, 19.3 टक्के. 69 म्हणजे 12 मिमी वाढ, 21.1 टक्के. 57 च्या 20 टक्के वरची रेषा 68.4 वर येते आणि तुमचे दोन आकडे बरोबर तिच्या दोन बाजूंना पडले आहेत. एकाच स्कॅनला दोन्ही निकष लागू पडले तर प्रोग्रेशनचा निकाल वरचढ ठरतो. बेसलाइनपेक्षा बेरीज कितीही कमी असली तरी त्यात बदल होत नाही. म्हणजे 69 हा आकडा टिकला तर सहकाऱ्याचं म्हणणं खरं, आणि 68 टिकला तर तुमचा पार्शल रिस्पॉन्स कायम. 19.3 ला वरच्या अंकात नेऊन 20 करायचं नाही, हेही इथेच सांगून ठेवतो.

प्रोग्रेशन बेसलाइनशी का ताडत नाहीत, हे तुमच्याच आकड्यांवरून लक्षात येईल. बेसलाइनच्या 110 वर 20 टक्के म्हणजे 132. तो नियम असता तर 57 वर आलेल्या गाठी सव्वादोन पटीहून जास्त वाढेपर्यंत आपण कागदावर काहीच बिघडलं नाही असं लिहीत राहिलो असतो. औषधाला दाद न देणाऱ्या पेशी उरतात आणि वाढू लागतात त्या या तळापासूनच. म्हणून मोजणीही तिथूनच सुरू होते.

आता मूळ मुद्दा. रेसिस्टला हवा असतो तो त्या दिवशीच्या लीजनचा, अॅक्सियल प्रतलातला सर्वांत लांब व्यास. मागच्या वेळी रेषा ज्या दिशेला होती, त्या दिशेचा व्यास नव्हे. लीजन तोच ठेवायचा, पण रेषा प्रत्येक वेळी नव्याने शोधायची, आणि स्लाइसही. गाठ सगळ्या बाजूंनी सारखी आटत नाही. बेसलाइनला तिरकी लांबट असलेली गाठ एका बाजूने मरून आखडली की उरलेल्या भागाची लांबी भलत्याच दिशेला असू शकते. वाढतानाही तसंच: जिवंत राहिलेल्या कडेकडून ती वाढते आणि लांबी त्या दिशेला जाते. जुन्या दिशेला चिकटून राहिलात तर गाठीचा असा व्यास मोजला जातो जो आता तिचा सर्वांत लांब व्यास राहिलेलाच नाही.

या चुकीचा एक गुणधर्म असा की ती नेहमी एकाच बाजूला जाते. सर्वांत लांब व्यासापेक्षा लांब दुसरा व्यास असूच शकत नाही. म्हणून जुन्या दिशेने मोजलेला आकडा खऱ्याइतका तरी येईल किंवा कमी येईल, जास्त कधीच येणार नाही. आता ती चूक कोणत्या स्कॅनमध्ये झाली यावर तिचा परिणाम ठरतो. आजच्या स्कॅनमध्ये झाली तर वाढ लपते. नादिरच्या स्कॅनमध्ये झाली तर पाया खोटा खाली जातो आणि आजची वाढ आहे त्यापेक्षा मोठी दिसते. बेसलाइनला मात्र ही चूक होत नाही, कारण तिथे रेषा पहिल्यांदाच आखलेली असते. म्हणजे जुन्या दिशेने मोजणाऱ्याच्या हातून फॉलोअपमध्ये घटही थोडी फुगवून सांगितली जाते.

तुमच्या रुग्णात नेमकं हेच घडलं असण्याची शक्यता मला दिसते. सहकाऱ्याने आजचा व्यास नियमाप्रमाणे 25 घेतला, पण तुलनेला घेतलेला 17 तुमच्या जुन्या दिशेने मोजलेला. एक आकडा एका रीतीचा, दुसरा दुसऱ्या रीतीचा. समजा दुसऱ्या फॉलोअपमध्ये सेगमेंट 7 चा खरा सर्वांत लांब व्यास 18 होता. मग नादिर 58, आजची बेरीज 69, वाढ 11 मिमी म्हणजे 19 टक्क्यांना किंचित कमी. प्रोग्रेशन नाही. तो 19 निघाला तर नादिर 59 आणि वाढ सुमारे 17 टक्के. आणि पुन्हा मोजूनही 17 च आला, तर 21.1 टक्के आणि प्रोग्रेशन. फुप्फुसातल्या गाठीलाही हीच तपासणी लागू आहे: 26 आणि 30 हे दोन्ही आकडे तुम्ही जुन्या दिशेने घेतले असतील तर दोन्ही पुन्हा पाहावे लागतील. तिथे आज 31 निघाले तर बेरीज 70 होते, आणि नादिर 58 असला तरी 69.6 ची रेषा ओलांडली जाते.

म्हणून पुन्हा मोजताना मी असं करतो. बेसलाइन, दुसरा फॉलोअप आणि तिसरा फॉलोअप हे तिन्ही स्कॅन स्क्रीनवर शेजारी शेजारी उघडायचे. तिन्हींत एकाच प्रकारची मालिका निवडायची: अॅक्सियल, सारख्या जाडीची, सारख्या फेजची. जुनी रेषा आणि जुने आकडे लपवून ठेवायचे. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये खुणा बंद करता येतात. लीजन ओळखायचा तो स्लाइसच्या क्रमांकावरून नव्हे, शेजारच्या शरीररचनेवरून. श्वास कमीजास्त धरला तरी यकृत वरखाली सरकतं, त्यामुळे मागच्या वेळी 42 व्या स्लाइसवर असलेली गाठ आज वेगळ्याच स्लाइसवर मिळते. उजव्या हिपॅटिक व्हेनची जवळची फांदी, पोर्टल व्हेनचा फाटा, यकृताच्या कडेपासूनचं अंतर अशा खुणा धराव्यात.

गाठ सापडली की तिच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत सगळ्या स्लाइस सावकाश पाहायच्या. ज्या स्लाइसवर व्यास सर्वांत मोठा आहे, तिथे कडेपासून कडेपर्यंत रेषा आखायची. रेषा गाठीच्या आतच राहिली पाहिजे. गाठ चंद्रकोरीसारखी वळलेली असेल तर मधल्या निरोगी भागावरून उडी मारणारी रेषा घ्यायची नाही. मनात शंका असेल तर दोन तीन रेषा आखून पाहायच्या आणि सर्वांत लांब ठेवायची. मग मालिका आणि स्लाइसचा क्रमांक लिहून रेषेसकट चित्र जतन करायचं. तिन्ही स्कॅनमधले चारही लीजन असे मोजून झाल्यावरच बेरीज आणि टक्के काढायचे. हा क्रम मी कटाक्षाने पाळतो. आपण 68.4 च्या अलीकडे आहोत की पलीकडे हे आधीच ठाऊक असेल तर हात नकळत सोयीच्या बाजूला जातो, आणि एका मिलिमीटरसाठी तेवढं पुरतं. शक्य असेल तर हे काम तुम्ही दोघांनी वेगवेगळं करावं, एकाच संगणकासमोर बसून नव्हे. मात्र प्रत्येकाने तिन्ही स्कॅन स्वतः मोजावेत. नादिर एकाचं आणि आजचं मोजमाप दुसऱ्याचं, अशी तुलना सीमेवरच्या रुग्णात टाळलेलीच बरी.

मोजमाप पुन्हा करताना यकृताच्या बाबतीत सर्वांत आधी फेज तपासा. फुप्फुसाच्या कॅन्सरचे यकृतातले लीजन बहुधा पोर्टल व्हीनस फेजमध्ये नीट उठून दिसतात. कॉन्ट्रास्ट सोडायला सुरुवात केल्यापासून साधारण 70 सेकंदांनी. तेव्हा यकृत चांगलं उजळलेलं असतं आणि गाठ काळसर, कडा स्पष्ट. उशिराच्या आर्टीरियल फेजमध्ये, साधारण 35 सेकंदांच्या सुमारास, यकृत अजून पुरतं उजळलेलं नसतं आणि काही गाठींभोवती उजळ कडं दिसतं. ते कडं आत धरलं की व्यास वाढतो, बाहेर ठेवलं की कमी होतो. मागचा स्कॅन पोर्टल फेजचा आणि आजचा आर्टीरियल फेजचा असेल तर दोन तीन मिलिमीटरचा फरक निव्वळ त्यामुळे पडू शकतो. तुमच्या 17 आणि 24 मधला 7 मिमी फरक सगळा फेजमुळे असेल असं मला वाटत नाही, पण निकाल ज्या एका मिलिमीटरवर लटकला आहे तो मात्र सहज तिथून आलेला असू शकतो.

फेज कशी ओळखायची? मालिकेच्या नावावर विसंबू नका, चित्र पाहा. महाधमनी खूपच पांढरी, प्लीहा पट्टेरी आणि हिपॅटिक व्हेन अजून काळ्या असतील तर ती आर्टीरियल. हिपॅटिक व्हेन आणि पोर्टल व्हेन दोन्ही भरलेल्या आणि प्लीहा एकसारखी असेल तर पोर्टल. आजच्या तपासणीत दोन्ही फेज असतील तर प्रश्न मिटला, पोर्टल घ्या. एकच असेल आणि ती वेगळी असेल, किंवा किडनीच्या कारणाने कॉन्ट्रास्टच दिलं नसेल, तर मोजमाप करावं लागेलच, पण तुलना कमजोर आहे हे रिपोर्टमध्ये लिहावं लागेल. आकडा अंदाजाने एक दोन मिलिमीटर कमी करून ‘दुरुस्त’ करायचा नाही.

स्लाइसच्या जाडीचंही तसंच. रेसिस्टमध्ये टार्गेट लीजनसाठी किमान 10 मिमी ही अट 5 मिमी किंवा कमी जाडीच्या स्लाइस गृहीत धरून आहे. जाडी त्याहून जास्त असेल तर जाडीच्या दुप्पट. एक स्कॅन 1 मिमीच्या मालिकेवर आणि दुसरा 5 मिमीच्या मालिकेवर मोजू नका. जाड स्लाइसमध्ये गाठ आणि शेजारचा भाग मिसळून कड धूसर होते. फुप्फुसातली गाठ लंग विंडोत मोजत आला असाल तर आजही लंग विंडोतच मोजा. साधारण 1500 रुंदी आणि उणे 600 पातळी या विंडोत गाठीची काटेरी कड जास्त दिसते, मेडियास्टायनल विंडोत ती छाटली जाते. कोणती विंडो चांगली यावर वाद घालण्यापेक्षा बेसलाइनला घेतलेली कायम ठेवणं जास्त कामाचं आहे. गाठीपलीकडे फुप्फुस आक्रसलं असेल तर तो भाग गाठीत धरला जात नाही ना, हेही याच वेळी पाहून घ्या.

तुमच्या तक्त्यातले बाकीचे दोन लीजन निरुपद्रवी दिसतात, पण निकाल उलटवण्याची ताकद त्यांच्यातही आहे. सेगमेंट 4 चा लीजन जेमतेम दिसतो म्हणून तुम्ही 5 लिहिला, ते बरोबर केलंत. गाठ आहे असं वाटतं पण ती मोजण्याइतकी स्पष्ट नाही, अशा वेळी 5 मिमी धरायचे असतात. ती खरंच मोजता येत असेल तर 5 पेक्षा कमी आकडाही चालतो, मग तोच लिहायचा. आणि गाठ उरलीच नाही अशी खात्री असेल तरच 0. ही खात्री किती महत्त्वाची ते पाहा. दुसऱ्या फॉलोअपमध्ये कुणी तिथे 0 लिहिला असता तर नादिर 52 झाला असता. आजच्या स्कॅनमध्ये तीच गाठ पुसट दिसली म्हणून 5 धरले तर 68 आणि 52 मधला फरक 16 मिमी, जवळपास 31 टक्के. गाठीत तसूभर बदल नसताना प्रोग्रेशन. म्हणून 0 लिहिण्याआधी पातळ स्लाइसही पाहाव्यात. तुमच्या तक्त्यात दोन्हीकडे 5 आहेत, तेव्हा ही भानगड नाही. फक्त दोन्ही वेळा तीच गाठ होती आणि ती खरोखरच दिसत होती, एवढं तपासा.

नोडचा नियम वेगळा आहे. बाकी लीजनचा सर्वांत लांब व्यास घेतात, नोडचा शॉर्ट अॅक्सिस, म्हणजे अॅक्सियल चित्रातल्या लांब व्यासाला काटकोनात असलेला आडवा व्यास. बेसलाइनला तो 15 मिमी किंवा जास्त असेल तरच नोड टार्गेट होऊ शकतो. तुमचा 19 होता, ठीक आहे. आता तो 9 आहे, म्हणजे 10 च्या खाली. तो सामान्य आकाराचा झाला, तरी बेरजेतून काढायचा नाही आणि 0 ही लिहायचा नाही, 9 च लिहायचे. नोड हा शरीराचा मूळचाच भाग असल्याने बरा झाला तरी नाहीसा होत नाही. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे एखाद्या फॉलोअपला वेगळी व्यक्ती मोजायला बसते आणि सवयीने लांब व्यास लिहून जाते. तुमचा नोड 9 आडवा आणि समजा 15 लांब असेल, तर एवढ्या एका चुकीने बेरजेत 6 मिमी भर पडेल. 57 च्या नादिरवर ती एकटीच 10 टक्क्यांहून जास्त आहे.

इथपर्यंत आकड्यांचं झालं. आता आकड्यांच्या बाहेरचं, ज्यावर हा सगळा वाद कदाचित निकाली निघेल. टार्गेट लीजनची बेरीज हा प्रोग्रेशनच्या तीन वाटांपैकी फक्त एक मार्ग आहे. निःसंशय नवीन लीजन दिसला तर प्रोग्रेशन, मग बेरीज 68 असो की 57. नॉनटार्गेट लीजन निःसंशय वाढले तरीही प्रोग्रेशन. म्हणून मिलिमीटरच्या मागे लागण्याआधी संपूर्ण स्कॅन नव्याने पाहा: यकृताचा बाकीचा भाग, दोन्ही अॅड्रिनल, हाडं, फुप्फुसावरणातलं पाणी.

‘निःसंशय’ हा शब्द मात्र जसा आहे तसाच घ्या. फुप्फुसात आज दिसलेला 3 किंवा 4 मिमीचा एखादा ठिपका संसर्गाचाही असू शकतो. त्यावर प्रोग्रेशन जाहीर करायचं नाही, नोंद ठेवून पुढच्या स्कॅनमध्ये पाहायचा. यकृतात आज पहिल्यांदा दिसणारी गाठ मागच्या स्कॅनमध्ये वेगळ्या फेजमुळे लपली होती का, हेही मागे जाऊन तपासायचं. हाडांत नव्याने दिसणारे पांढरे ठिपके हा फसवा भाग आहे: आधीपासून असलेला पण सीटीत न दिसणारा लीजन बरा होताना त्यात हाड भरतं आणि तो पहिल्यांदाच दिसू लागतो. गाठी आटत असताना असे ठिपके उमटले तर घाई करू नये. तुमच्या रुग्णात बेरीज वाढते आहे, त्यामुळे तिथे जास्त सावध राहावं लागेल.

सगळं पुन्हा मोजूनही निकाल सीमेवरच आला तर? 58 आणि 69 निघाले, तर नियमाने प्रोग्रेशन नाही, पार्शल रिस्पॉन्स कायम. पण मी तेवढंच लिहून थांबणार नाही. सेगमेंट 7 चा लीजन नादिरपासून 7 मिमी वाढला आहे आणि फुप्फुसातली गाठ 4 मिमी. दोन वेगवेगळ्या अवयवांत एकाच दिशेने झालेली वाढ ही मोजणीतली चूक असण्याची शक्यता कमी आहे. ही माहिती उपचार करणाऱ्या डॉक्टरांना हवी असते. टक्के 20 च्या आत आहेत म्हणून ती दडून राहू नये. मी साधारण असं लिहीन: ‘टार्गेट लीजनची बेरीज 69 मिमी, बेसलाइनपेक्षा 37 टक्के कमी, नादिरपेक्षा 19 टक्के (11 मिमी) जास्त. प्रोग्रेशनचा निकष पूर्ण होत नाही. वाढ मुख्यतः यकृताच्या सेगमेंट 7 मधल्या आणि फुप्फुसातल्या गाठीत आहे. नवीन लीजन नाही. दुसऱ्या फॉलोअपमधला सेगमेंट 7 चा व्यास पुन्हा मोजून 17 ऐवजी 18 केला आहे.’ शेवटचं वाक्य गाळू नका. जुना आकडा बदलला असेल तर कोणी, कधी, का बदलला हे दिसलं पाहिजे. रुग्ण क्लिनिकल ट्रायलमध्ये असेल तर ते अधिकच गरजेचं: जुनी मोजमापं दुरुस्त करायची रीत तिथल्या प्रोटोकॉलमध्ये दिलेली असते, तीच पाळायची आणि जुनी नोंद न पुसता दुरुस्ती जोडायची.

उलट 57 आणि 69 कायम राहिले, तर प्रोग्रेशन लिहा आणि आकडे सीमेजवळ आहेत हेही लिहा. उपचार बदलायचे की नाही हा निर्णय रेसिस्ट घेत नाही; तो रुग्णाची प्रकृती, त्रास आणि पुढचे पर्याय पाहून डॉक्टर घेतात. इथे औषधावरही बरंच अवलंबून आहे. मी केमोथेरपी गृहीत धरून लिहिलं आहे. रुग्णाला इम्युनोथेरपीही चालू असेल तर 2017 साली आलेले आयरेसिस्टचे निकष पाहावे लागतील. त्यात पहिल्या वाढीला ‘अपुष्ट प्रोग्रेशन’ म्हणतात आणि रुग्णाची प्रकृती स्थिर असेल तर 4 ते 8 आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करून खात्री करतात. कारण अशा उपचारात प्रतिकारपेशी गाठीत शिरल्यामुळेही ती काही काळ मोठी दिसू शकते. केमोथेरपीत ही सवलत नाही.

तुमचा दुसरा प्रश्न, एका मिलिमीटरने एवढा फरक पडतो का. एका मिलिमीटरने गाठीत काही बदलत नाही. कुठल्याही दोन अनुभवी रेडिओलॉजिस्टच्या मोजमापात तेवढा फरक असतोच. 20 टक्क्यांची रेषा मुळात एवढी रुंद ठेवली आहे ती यासाठीच. गाठ गोल धरली तर व्यासातली 20 टक्के वाढ म्हणजे आकारमानात सुमारे 73 टक्के वाढ. आणि 5 मिमीची जोडअट छोट्या बेरजेसाठी आहे: नादिर 15 असताना 19 झाले तर टक्के जवळपास 27 होतात, पण वाढ 4 च मिमी, म्हणून प्रोग्रेशन नाही. तुमच्या रुग्णात वाढ 11 की 12 हा प्रश्न आहे. गाठी वाढत आहेत यावर तुमच्या दोघांत मतभेद नाहीच. मतभेद फक्त ती वाढ ठरलेल्या रेषेच्या कोणत्या बाजूला पडते यावर आहे.

आणखी एक गोष्ट पुढच्या स्कॅनसाठी आत्ताच लिहून ठेवा. आज प्रोग्रेशन नाही असं ठरलं, तरी पुढच्या वेळची तुलना आजच्या 69 शी करायची नाही. नादिर 58 च राहील. पुढच्या स्कॅनला बेरीज 72 आली तर आजच्यापेक्षा वाढ जेमतेम 3 मिमी दिसेल आणि ‘स्थिर’ असं लिहायचा मोह होईल. पण 58 पासून ती 14 मिमी, 24 टक्के आहे, आणि ते प्रोग्रेशन आहे. म्हणून तक्त्यात बेसलाइनच्या शेजारी नादिरचा वेगळा रकाना ठेवा, त्यात बेरीज आणि स्कॅनची तारीख लिहा, आणि आधीपेक्षा कमी बेरीज आल्याशिवाय त्या रकान्याला हात लावू नका.